भिंतीला फुटलेलं शेपूट

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते; म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. उभं आयुष्य शाळेत भूमिती शिकवली. फळ्याकडे तोंड करून वर्तुळ काढत असतानाही मागे कोण कुणाच्या वहीत डोकावतंय ते मला कळायचं. मुलं म्हणायची, बाईंना पाठीला डोळे आहेत. डोळेबिळे काही नव्हते. मी फक्त सगळ्यांवर सारखाच संशय घ्यायचे आणि त्यातला एखादा खरा निघायचाच.

निवृत्त झाल्यावर आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. आग्रह वगैरे नव्हता, बाकी कुणी तयार नव्हतं इतकंच. चेअरमन होते तळमजल्यावरचे एक स्पेअर पार्ट्सचे व्यापारी. त्यांचं सगळं धोरण 'बघू' या एका शब्दात मावायचं. त्यामुळे बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी इमारतीच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या गाड्यांमधलं पेट्रोल चोरीला जायला लागलं. मागची बाजू म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली अरुंद पट्टी. तिथे स्कूटर आणि मोटारसायकली ओळीने लावलेल्या. दिवा नाही. सकाळी कुणीतरी किक मारत बसायचं आणि मग जिन्यात माझ्या नावाने ओरडायचं.

वॉचमन आमचा एकच. तिकडे वऱ्हाडातून आलेला, चाळिशीचा माणूस. जिन्याखालच्या खोलीत बायको आणि मुलीसोबत राहायचा. मुलगी जवळच्या शाळेत दहावीला होती. पहाटे पंप लावून टाकी भरणं, गेट, झाडलोट, सगळं त्याच्याकडे. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे ठरलेलंच होतं. पेट्रोल जातंय म्हटल्यावर माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती त्याच्यावरूनच. पुरावा काही नव्हता. त्याच्याकडे गाडीसुद्धा नव्हती, सायकल होती. पण पेट्रोल विकताही येतं, असं मी स्वतःला समजावलं.

कमिटीत ठरलं की मागच्या भिंतीवर सेन्सरचा मोठा दिवा लावायचा. माणूस आला की लागणार, गेला की विझणार. मी आमच्या नेहमीच्या वायरमनना बोलावलं. त्यांच्या घराण्याच्या पुण्यात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. वडिलांचं बुधवार पेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. त्यांची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. काम चोख, बोलणं त्याहून चोख. शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर येतो म्हणाले आणि खरंच आले. पुण्यात सांगितलेल्या दिवशी येणारा कारागीर म्हटल्यावर मला तिथेही जरा शंकाच आली.

मी खुर्ची टाकून बसले. समोर बसून काम करून घ्यायचं, ही माझी पद्धत. शिवाय भिंत नुकतीच रंगवून घेतली होती आणि त्या रंगासाठी मी सोळा फ्लॅटवाल्यांशी भांडले होते. एक ओरखडा खपवून घेणार नव्हते.

मीटर रूम तळमजल्यावर, त्याच भिंतीच्या आत. तिथून त्यांनी छताजवळ भोक पाडलं. ड्रिल तिरकं धरलेलं मी लगेच पकडलं.

"अहो, वाकडं जातंय."

"वाकडंच घालवतोय, बाई. आतून बाहेर उतार पाहिजे. सरळ पाडलं तर पावसाचं पाणी पाहुण्यासारखं आत येईल."

भोकातून गोल काळी केबल बाहेर काढली आणि भोवतीची फट सिलिकॉनने बुजवली. दिवा त्याच्याखाली दोन फुटांवर, साधारण नऊ फूट उंचीवर बसवला. दिव्यामागे एक छोटी बंद पेटी, तिच्यात जोड. पेटीच्या पाठीला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासलं, खालची कड मोकळी सोडली. मी विचारलं, ती का राहिली? म्हणाले, चुकून काही पाणी मागे गेलंच तर त्याला बाहेर पडायला वाट नको का. हे मला पटलं, पण मी मान हलवली नाही. कारागिरासमोर फार लवकर मान हलवू नये.

पेटीला खालच्या बाजूने एकच तोंड होतं, ते दिव्याच्या स्वतःच्या वायरीला गेलं. मग आतून येणारी केबल त्यांनी पेटीच्या कुशीतून घेतली. तिथे ग्लँड बसवला, म्हणजे रबरी कडं असलेली एक नळी. तिचा नट आवळला की रबर केबलला चहूबाजूंनी घट्ट धरतं आणि पाणी आत जात नाही. केबल गोलच का घेतली तेही त्यांनी मला सांगितलं: चपटी घेतली तर रबराच्या कडेला फट राहते. एवढं सगळं नीट करून मग या गृहस्थांनी शेवटी काय केलं? भोकातून आलेली केबल सरळ पेटीत नेण्याऐवजी पेटीच्याही खाली वीतभर लोंबत सोडली, आणि मग वळवून वर ग्लँडात नेली. माझ्या कोऱ्या करकरीत भिंतीवर हे काळं वेटोळं!

"हे काय?"

"हे असंच राहू द्या, बाई. याला लूप म्हणतात. पावसाचं..."

"मला शिकवू नका," मी म्हटलं. "जास्तीची केबल कापायचा कंटाळा आला म्हणा की सरळ."

त्यांनी पक्कड खिशात टाकली. मग म्हणाले, "बरं, कंटाळा आला. पण राहू द्या." आणि शिडी उतरले.

त्या वेळी मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं असतं तर मला आज हे लिहायला बसावं लागलं नसतं. पण मला दुसऱ्याचं वाक्य तोडायला फार आवडतं, वर्गातली सवय. मनात म्हटलं, पुढच्या वेळी वापरायला केबल राखून ठेवली असेल या माणसाने, किंवा पुन्हा बोलवावं लागेल अशी सोय केली असेल.

दिवा लावून पाहिला. सेन्सरच्या पोटाशी तीन बारीक चक्र्या: किती वेळ पेटायचं, किती अंधारात पेटायचं आणि किती लांबचं बघायचं. उजेड होता म्हणून मधली चक्री सूर्याच्या खुणेकडे फिरवली, मग तो दिवसाही लागायला लागला. वॉचमनला त्यांनी पट्टीत चालायला लावलं. सरळ दिव्याकडे चालत आला तर सेन्सर उशिरा जागा व्हायचा, आडवा गेला की लगेच. "हा माणूस बघत नाही, हलणारी ऊब बघतो," वायरमन म्हणाले, आणि सेन्सर असा वळवला की गाड्यांकडे जाणारा कुणीही त्याच्यासमोरून आडवाच जाईल. वॉचमन बिचारा उन्हात दहा वेळा इकडून तिकडे फिरला. मी मात्र त्याचा चेहरा बघत होते: दिवा लागल्यावर हा खूश होतो का नाराज, ते.

दोन-तीन आठवडे छान गेले. पेट्रोल जायचं थांबलं. कोण नेत होतं ते कधीच कळलं नाही. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी कंपाउंडच्या पलीकडून डोकावले. या गृहस्थांचं आणि माझं कचऱ्याच्या डब्यांवरून जुनं वाकडं. त्यांनी दिवा पाहिला, रंग पाहिला, आणि म्हणाले, "छान झालंय हो. फक्त भिंतीला शेपूट फुटलंय तेवढं."

झालं! माझं डोकं फिरलं. त्या रात्री मला त्या शेपटाने झोपू दिलं नाही. सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानातून खिळ्यांच्या क्लिपा आणल्या आणि वॉचमनला शिडी लावायला सांगितली.

"मॅडम, त्यायनं मुद्दाम ठेवली असन जी," तो म्हणाला. "राहू द्या ना."

"तू वायरमन आहेस का?"

"नाई जी."

"मग चढ."

मुख्य स्विच मी स्वतः बंद केला. तेवढी अक्कल होती. तो मीटर रूममध्ये गेला, आतून केबल ओढून घेतली. भोकातलं सिलिकॉन उचकटलं, तेवढ्याने काय होतंय म्हटलं. मग बाहेरून शिडीवर चढून मी सांगेन तशा त्याने क्लिपा ठोकल्या. मी खाली उभी राहून 'अजून ताण, अजून ताण' करत होते. शेवटी केबल भोकापासून पेटीच्या कुशीपर्यंत पट्टीने आखल्यासारखी तिरकी सरळ बसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी मुद्दाम कंपाउंडपाशी जाऊन उभी राहिले, शेजारचे सेक्रेटरी दिसतात का बघायला.

नंतर पावसाळा लागला आणि प्रकार सुरू झाला.

पहिल्यांदा एका सकाळी नळाला पाणी नाही. टाकी रिकामी. मी खाली गेले तर मीटर रूममधला सोसायटीच्या लाइनचा मोठा स्विच पडलेला. विजेची गळती झाली की आपोआप पडणारा जो असतो, तो. त्याच्यावर जिन्यातले दिवे, पंप आणि हा मागचा दिवा, तिन्ही. वॉचमन म्हणाला, "रात्री पडला जी, आपोआप. म्या वर केला तं पुन्हा पडला." दुपारी ऊन आल्यावर त्याने तोच स्विच वर केला आणि तो गुपचूप वर राहिला. पंप सुरू झाला.

आपोआप म्हणे! माझ्या मनातली पाल आता नुसती चुकचुकत नव्हती, ओरडत होती. मीटर रूमची किल्ली दोघांकडे: एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. मी पाडला नाही हे मला माहीत होतं.

मी वही केली. डाव्या बाजूला वार, मधे स्विच पडला की नाही, उजवीकडे शेरा. पुढच्या तीन आठवड्यांत स्विच पाच वेळा पडला. पाचही वेळा रात्री पाऊस होता, हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. आणि त्यावरून मी काय निष्कर्ष काढावा? पाऊस आला की याला झोप येते. मागचा दिवा मांजर गेलं तरी लागतो, त्याचा झोत याच्या खोलीच्या मागच्या खिडकीवर पडतो, म्हणून हा स्विच पाडून झोपतो. सिद्ध झालं! वर्गात एखाद्या पोराने असं प्रमेय मांडलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे मी स्वतःलाच शाबासकी दिली.

पाचव्या वेळी पाणी नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरची नोकरी करणारी जोडपी माझ्या दारात येऊन भांडली. मी वही घेऊन चेअरमनकडे गेले. ते पहिल्यांदाच 'बघू' म्हणाले नाहीत. म्हणाले, "काढून टाकू. रविवारी मीटिंगमध्ये ठराव घेऊ." मी वॉचमनला सांगितलं. त्याने आधी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. मग म्हणाला, "मॅडम, म्या नाई पाडला जी. पोरीची दहावी हाये. एवढं वर्ष तं जाऊ द्या." त्याची बायको दारात उभी होती, हाताला पीठ तसंच. मी म्हटलं, "ते मीटिंगमध्ये ठरेल." आणि जिना चढले. माझे गुडघे दुखत होते. मी त्या दुखण्याकडे लक्ष दिलं.

नवीन माणूस येईपर्यंत तरी त्या स्विचला कुणी हात लावू नये, म्हणून शनिवारी मी वायरमनना फोन केला. म्हटलं, त्या स्विचवर कुलूप लागेल असं काहीतरी बसवा.

ते आले, आणि माझं ऐकून हसलेच. "बाई, कुलूप कशाला? याला वर दाबून धरलं ना, तरी गळती असेल तर आतल्या आत पडतो हा. कुलपाला विचारत नाही."

"पण हा पाडला जातोय," मी म्हटलं.

"पडलेला आणि पाडलेला, दोन्ही सारखेच दिसतात. कधी कधी पडतो?"

मी वही पुढे केली, जरा ऐटीतच. त्यांनी चष्मा वर सरकवून ती वाचली. एकदा खालून वर, एकदा वरून खाली.

"अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. "पण बाई, ही पावसाची वही आहे. चला मागे."

चेअरमनही आले, तंबाखू चोळत. वॉचमनने शिडी आणली. वायरमन मागच्या भिंतीपाशी येऊन थांबले, वर पाहिलं आणि त्यांची हसरी मुद्रा गेली. स्विच बंद करून आले, टेस्टर लावून खात्री केली, मग पेटीचे स्क्रू काढले. झाकण सैल केल्याबरोबर आतून पाणी आलं. थेंब नव्हे हो, चांगलं कपभर, धार लागून भिंतीवरून खाली आलं. आतल्या तांब्याच्या टोकांवर हिरवं चढलं होतं.

"हे बघा," ते म्हणाले, आणि केबलच्या वरच्या टोकावर बाटलीतलं थोडं पाणी सोडलं. पाणी केबलच्या अंगावरून, मी आखून दिलेल्या त्या सरळ तिरक्या रेषेवरून उतरत गेलं आणि थेट ग्लँडाच्या तोंडाशी जाऊन थांबलं. केबल ताणल्यामुळे रबर एका बाजूला चेपलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट पडली होती. पाणी तिथे जरा थबकलं आणि आत गेलं.

"पाणी केबल धरून चालतं, बाई. म्हणून तिला आधी पेटीच्या खाली न्यायची आणि मग वर घ्यायची. खालच्या वळणावर आलं की पाण्याला वर चढता येत नाही. तिथून टपकतं, संपला विषय. वीतभर लोंबती केबल, बस. पाणी शिरलं की गळती, गळती झाली की स्विच पडतो. ऊन आलं, वाळलं, की परत उभा राहतो. तो स्विच पडत होता म्हणून इथे कुणी चिकटलं नाही. त्याचे उपकार माना."

मग त्यांनी विचारलं, "ही कुणी ओढली?"

खरं तर इथेच मला थांबावंसं वाटतं. पण सांगतेच.

चेअरमननी वॉचमनकडे पाहिलं. साहजिकच होतं, शिडी त्याची, मीटर रूम त्याची, क्लिपा ठोकणारे हात त्याचे. "तू ओढलीस?" ते म्हणाले.

वॉचमन म्हणाला, "हो जी."

एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काही मागतोय असंही नाही. आता पुढचं मी बोलेन, अशी त्याची अगदी साधी समजूत होती. तो वाट बघत होता.

आणि मी बोलले नाही.

कारण काय, ते मी पुष्कळदा शोधलं. चेअरमन तिथे होते. वायरमन होते, ज्यांना मी 'मला शिकवू नका' म्हटलं होतं. कंपाउंडपलीकडे शेजारचे सेक्रेटरी फुलझाडांना पाणी घालायचं सोंग करत उभे होते. एवढ्या लोकांसमोर माझी चूक, माझी! चेअरमन म्हणाले, "म्हणजे स्विच पाडायचा नाहीस, तर दिवाच बिघडवायचास. वा! उद्या मीटिंगमध्ये बोलू." तरी मी गप्प. वॉचमनने मान खाली घातली आणि शिडी धरली, कारण वायरमनना वर चढायचं होतं.

वायरमननी क्लिपा उपटल्या, हिरवी टोकं कापून नवी काढली, नवा ग्लँड बसवला, केबल पुन्हा खाली सोडून वळवली. भोक सिलिकॉनने पुन्हा बंद केलं. भिंतीवर क्लिपांची भोकं राहिली, तीही बुजवली. जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि फक्त एवढंच म्हणाले, "क्लिपा एका रेषेत होत्या, बाई. पट्टीने मारल्यासारख्या." त्यांना कळलं होतं. पण त्यांनी चेअरमनला सांगितलं नाही. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं.

घरी आल्यावर मी स्वयंपाक केला आणि जेवले नाही. आयुष्यभर मी पोरांना एकच गोष्ट सांगत आले की चूक केलीत तर चालेल, पण 'मी नाही, त्याने' म्हणू नका. मी तर तेही म्हटलं नव्हतं. मी नुसती उभी राहिले होते. लाज वाटली. अशी लाज की आरशासमोर केस विंचरतानासुद्धा मी वर बघितलं नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंधरा-वीस माणसं. वॉचमन गेटपाशी उभा, कारण त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. चेअरमननी ठराव वाचायला घेतला. मी उठले.

"केबल मी ओढून घ्यायला लावली," मी म्हटलं. "तो नको म्हणत होता. मी त्याला दटावून शिडीवर चढवलं. वायरमननी राहू द्या म्हटलेलं होतं, तेही मी ऐकलं नाही. स्विच कुणीच पाडला नाही. पाणी नाही आलं त्याला मी जबाबदार आहे. काढायचं असेल तर मला काढा, सेक्रेटरीपदावरून."

तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा फोनमधून मान वर काढून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, सुटले. छातीवरचं ओझं उतरलं, आता माणसं म्हणतील, बाईंनी मोकळेपणाने कबूल केलं. एकाने टाळीसुद्धा वाजवायला घेतली होती.

तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "अहो, पण काल तुम्ही तिथेच होतात की. काल का नाही बोललात?"

त्यांनी खोचकपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी गेटकडे पाहिलं. वॉचमन माझ्याकडेच बघत होता. त्यालाही ते ऐकायचं होतं.

ठराव बारगळला. माझा राजीनामा कुणी घेतला नाही, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मीटिंगनंतर मी वॉचमनकडे जाऊन म्हटलं, "माझं चुकलं." तो म्हणाला, "असू द्या जी, झालं ते झालं." मुलगी दहावी झाली, चांगले मार्क पडले, पेढे घेऊन वर आली. सगळं सुरळीत झालं म्हणायला हरकत नाही.

फक्त त्या रविवारनंतर सोमवारपासून माझ्या फोनवर रोज सकाळी एक फोटो यायला लागला. मीटर रूममधला स्विच, वर असलेला. मग पंपाचा. टाकी भरली की टाकीचा, वरून झाकण उघडून काढलेला. पाऊस झाला की मागच्या भिंतीचा, पेटी आणि केबलसकट. प्रत्येक फोटोवर वेळ. सोबत एक अक्षर नाही.

आठवडाभर मी पाहिलं. मग खाली गेले. तो गेटपाशी झाडत होता.

"अरे, हे फोटो कशाला पाठवतोस? मी मागितले का? माझा विश्वास आहे तुझ्यावर."

त्याने झाडू थांबवला. "तुमच्यासाठी नाई पाठवत, मॅडम," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "माह्यासाठी काढतो. उद्या कोनी इचारलं, तं तुम्ही बोलसान का नाई, मले काय मालूम जी."

मी वर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. स्विच वर होता.